तारेचं गणित कुठे अडलं: टोकं, दुसरा डेरिव्हेटिव्ह आणि ताळा

"मी बारावीला आहे, नागपूरला. क्लासच्या टेस्टमध्ये हे गणित होतं: १०० सेमी तार कापून एका भागाचा चौरस आणि उरलेल्या भागाचं वर्तुळ करायचं. सगळी तार एकाच आकाराला वापरली तरी चालेल. दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? मी चौरसाची तार x धरली, dA/dx = 0 केलं, ५६.०१ आलं आणि उत्तर ३५०.०६ चौसेमी लिहिलं. आकडेमोड दोनदा तपासली होती. तरी पाचपैकी एकच मार्क, आणि शेरा एवढाच: 'टोकं? दुसरा डेरिव्हेटिव्ह?' आता प्रत्येक शाब्दिक उदाहरणात हे दोन्ही करत बसायचं का? पेपरमध्ये एवढा वेळ कुठून आणू?"

तुझी आकडेमोड अगदी बरोबर आहे. पण ५६.०१ सेमी तार चौरसाला दिली की दोन्ही आकारांचं मिळून क्षेत्रफळ सगळ्यात कमी होतं. पेपरात विचारलं होतं शिखर, आणि तू दरी शोधून दिलीस.

पटत नसेल तर डेरिव्हेटिव्ह घटकाभर बाजूला ठेव आणि तार मधोमध काप. ५० सेमीचा चौरस १५६.२५ चौसेमीचा होतो, ५० सेमीचं वर्तुळ १९८.९४ चौसेमीचं. बेरीज ३५५.१९. तू ज्याला जास्तीत जास्त म्हटलंस त्या ३५०.०६ पेक्षा हे जास्त आहे, आणि ५० हा आकडा तर मी विचार न करता उचलला. उत्तर आल्यावर असा एखादा परका आकडा टाकून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. माझ्या वर्गात मुलं याला 'आगाऊ पाहुणा' म्हणतात. या ताळ्यानं उत्तर खोटं असल्याचं उघडकीला येऊ शकतं, खरं असल्याचं सिद्ध होत नाही, हे मात्र लक्षात ठेव. पाहुणा हरला म्हणून तुझं उत्तर जिंकलं असं होत नाही. अजून हजार पाहुणे बाकी असतात.

आता शेऱ्यातल्या दोन शब्दांकडे येऊ. तुझ्या सरांनी दोन्ही एकत्र लिहिले म्हणून ते एकाच कामाचे दोन भाग वाटतात. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. कुठे कोणतं लागतं हे कळलं की बहुतेक गणितांत दोन्ही करावे लागत नाहीत.

dA/dx = 0 केल्यावर तुला काय मिळालं? आलेख जिथे क्षणभर आडवा होतो ती जागा. तिथे टेकडीचा माथा असेल, दरीचा तळ असेल, किंवा चढ जरा थबकून पुन्हा चढच असेल. समीकरण सोडवून यातलं काहीच कळत नाही. ते सांगायचं काम दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं. तुझ्या गणितात

A(x) = x²/16 + (100 − x)²/(4π)

A′(x) = x/8 − (100 − x)/(2π)

A″(x) = 1/8 + 1/(2π) ≈ 0.284

शेवटच्या ओळीत x उरलाच नाही बघ. दुसरा डेरिव्हेटिव्ह सगळीकडे तोच आणि सगळीकडे धन. म्हणजे आलेख वर तोंड केलेल्या वाटीसारखा आहे आणि ५६.०१ हा वाटीचा तळ. एवढी एक ओळ लिहिली असतीस तर 'जास्तीत जास्त' म्हणून हे उत्तर लिहायला हात धजावला नसता.

पण समज, ती ओळ तू लिहिलीस. मग पुढे काय? जास्तीत जास्त इथे नाही एवढंच तिनं सांगितलं. कुठे आहे ते तिला माहीत नाही. वाटीला मध्ये कुठे शिखर नसतंच. वाटीत सगळ्यात उंच असतो तो काठ. काठ कुठे आहे हे A″ सांगत नाही, A′ ही सांगत नाही. ते गणिताच्या शब्दांतून शोधावं लागतं. चौरसाला दिलेली तार ऋण असू शकत नाही, म्हणून x ≥ 0. वर्तुळाला दिलेली तारही ऋण असू शकत नाही, म्हणून 100 − x ≥ 0. झाला इंटरव्हल: 0 ≤ x ≤ 100. सगळी तार एकाच आकाराला चालेल असं प्रश्नातच म्हटलंय, म्हणून दोन्ही टोकं आत धरायची. x = 0 म्हणजे सगळ्या तारेचं वर्तुळ, क्षेत्रफळ 10000/(4π), म्हणजे ७९५.७७. x = 100 म्हणजे सगळ्या तारेचा चौरस, बाजू २५, क्षेत्रफळ ६२५. उत्तर ७९५.७७ चौसेमी, आणि त्यासाठी तार कापायचीच नाही.

कैची न लावणं हे उत्तर मुलांना फसवणूक वाटतं. 'सर, मग एवढं डेरिव्हेटिव्ह करून काय मिळालं?' असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. पण ठरावीक परिमितीत सगळ्यात जास्त जागा वर्तुळच घेरतं. त्यातली थोडी तार काढून चौरसाला दिली की तोटाच व्हायचा. तेव्हा उत्तर बेभरवशाचं नाही, जरा विचार केला तर अपेक्षितच आहे.

त्या प्रश्नातलं 'सगळी तार एकाच आकाराला वापरली तरी चालेल' हे वाक्य पुन्हा वाच. सगळा प्रश्न त्या एका वाक्यावर उभा आहे. बऱ्याच पुस्तकांत याच तारेचं गणित 'दोन तुकडे करून' असं येतं आणि तिथे कमीत कमी क्षेत्रफळ विचारलेलं असतं. तसं का असतं ते पाहा. दोन तुकडे व्हायलाच हवेत म्हटलं की x = 0 आणि x = 100 ही टोकं हातातून गेली, उरला 0 < x < 100. आता जास्तीत जास्त शोधायला जा. x = 1 घेतलं तर क्षेत्रफळ सुमारे ७८०. x = 0.1 घेतलं तर ७९४.१८. अजून बारीक तुकडा घेतला तर अजून थोडं जास्त. ७९५.७७ च्या कितीही जवळ जाता येतं, पण पोचता येत नाही. अशा वेळी 'जास्तीत जास्त किंमत अस्तित्वात नाही' हेच बरोबर उत्तर. कमीत कमी मात्र आतल्या ५६.०१ वर आरामात बसलेली आहे, टोकं असोत वा नसोत. म्हणून इंटरव्हल लिहिताना दोन्ही बाजूंना < लावायचं की ≤, हे प्रश्नातल्या शब्दांवरून ठरव, सवयीनं नको.

इंटरव्हलबद्दल आणखी एक सांगतो, कारण इथे हुशार मुलंही घसरतात. तू x म्हणजे तारेची लांबी धरलीस, म्हणून टोकं सोपी झाली. कोणी वर्तुळाची त्रिज्या r धरतं. मग टोकं ० आणि १०० नाहीत. सगळ्या तारेचं वर्तुळ केलं तर 2πr = 100, म्हणजे r = 50/π, साधारण १५.९२. इंटरव्हल 0 ≤ r ≤ 50/π. मागे एका मुलानं r धरून वरचं टोक १०० ठेवलं आणि क्षेत्रफळ तीस हजारांच्या वर नेऊन ठेवलं. चल बदललं की टोकंही बदलतात. प्रत्येक टोकाला काय घडतं ते एका वाक्यात म्हणून बघायचं: 'इथे सगळी तार वर्तुळाला गेली.' असं वाक्य म्हणता येत नसेल तर ते टोक चुकलेलं आहे.

आता तुझा खरा प्रश्न: दोन्ही नेहमी करायचं का? नाही.

इंटरव्हल दोन्ही टोकांसकट बंद असेल आणि फंक्शन त्यात कुठे तुटत नसेल, तर दुसरा डेरिव्हेटिव्ह काढायची गरजच नाही. अशा फंक्शनला जास्तीत जास्त आणि कमीत कमी किंमत असतेच, हे वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाच्या नावानं ओळखलं जाणारं प्रमेय सांगतं. आणि त्या किमती एक तर टोकांवर असतात, नाहीतर आत जिथे डेरिव्हेटिव्ह शून्य आहे किंवा अस्तित्वातच नाही तिथे. मग उमेदवार मोजकेच उरतात. त्यांच्या किमती काढायच्या, शेजारी शेजारी लिहायच्या, सगळ्यात मोठी निवडायची. तुझ्या गणितात उमेदवार तीन: ०, ५६.०१, १००. किमती ७९५.७७, ३५०.०६, ६२५. झालं गणित. शिखर की दरी हा प्रश्नच उरत नाही, कारण किमती डोळ्यांसमोर आहेत. तुझ्या सरांनी शेऱ्यात दोन्ही लिहिलं असलं तरी टोकांची ही तुलना लिहिली असतीस तर मला वाटतं त्यांनीही पूर्ण मार्क दिले असते.

'अस्तित्वातच नाही' हे मी ओघात म्हटलं, पण ते शाब्दिक उदाहरणांतही येतं. विजेच्या बिलासारखं जिथे युनिटचा टप्पा ओलांडला की दर बदलतो, तिथे आलेखाला त्या टप्प्यावर कोपरा असतो. कोपऱ्यावर डेरिव्हेटिव्ह नसतो, पण कमीत कमी खर्च नेमका तिथेच सापडू शकतो. बारावीला हे क्वचित येतं, म्हणून पुढे जाऊ.

दुसरा डेरिव्हेटिव्ह कुठे खरंच लागतो? जिथे टोकंच नाहीत तिथे. एक लिटरचा, झाकण-बुडासकट गोल डबा घे आणि कमीत कमी पत्रा विचार. त्रिज्या r सेमी धरली तर पत्र्याचं क्षेत्रफळ S(r) = 2πr² + 2000/r. इथे r शून्य असू शकत नाही, आणि वरून त्याला मर्यादाही नाही. परातीसारखा पसरट डबाही कागदावर चालतो. टोकं नाहीत, मग किमती कशाशी ताडून पाहणार? S′ = 0 केलं की r ≈ 5.42 येतो, उंची त्याच्या दुप्पट, पत्रा सुमारे ५५३.६ चौसेमी. आता S″(r) = 4π + 4000/r³. r धन असेल तोवर हे धनच आहे. फक्त ५.४२ वर नव्हे, सगळ्या इंटरव्हलवर. म्हणजे संपूर्ण आलेख वाटीच, आणि वाटीचा तळ एकच. इथे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हनं काम पूर्ण केलं.

यातला एक शब्द मुलं गिळून टाकतात: 'सगळ्या इंटरव्हलवर'. पुस्तकातली कसोटी फक्त त्या एका बिंदूवर दुसरा डेरिव्हेटिव्ह काढते आणि निकालही आसपासचाच देते. ही दरी आहे, एवढं ती सांगते. पलीकडे याहून खोल दरी नाही, याची हमी तिच्याकडे नाही. मग शाब्दिक उदाहरणांत ती चालते कशी? कारण बहुतेक वेळा इंटरव्हलमध्ये आडवी जागा एकच असते. एकच दरी असेल आणि दूर कुठे त्याहून खोल जायचं असेल, तर आधी चढावं लागेल आणि मग उतरावं लागेल. चढ संपून उतार सुरू होतो तिथे माथा येणार, आणि माथा म्हणजे दुसरी आडवी जागा. ती नाहीच, म्हणून खोल दरीही नाही. हे कारण एकदा नीट समजून घेतलंस तर उत्तरपत्रिकेत 'इंटरव्हलमध्ये हा एकच क्रिटिकल पॉइंट आहे' एवढं लिहून पुढे जाता येईल. आडव्या जागा दोन निघाल्या तर मात्र ही पळवाट बंद. किमती काढून तुलना करावीच लागेल.

आता जिथे दुसरा डेरिव्हेटिव्ह तोंडभरून होकार देतो आणि तरीही उत्तर चुकतं, असा प्रसंग सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी काटोलकडे राहतो, घरची संत्र्याची बाग आहे. विहिरीपासून पाण्याच्या टाक्यापर्यंत पाइप टाकायचा होता. टाकं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. विहिरीपासून धुरा सरळ ८० मीटर. जिथे ती सरळ रेघ धुऱ्याला मिळते तिथून टाकं धुऱ्यानं ५० मीटर. बागेतून खोदायचं तर झाडांची मुळं सांभाळत हातानं, म्हणून महाग; धुऱ्याच्या कडेनं स्वस्त. हिशोब सोपा राहावा म्हणून दर गोल केलेत: बागेतून मीटरला २०० रुपये, धुऱ्यानं १२०. पाइप बागेतून तिरपा नेऊन धुऱ्यावर कुठे उतरवायचा, हा प्रश्न.

त्यानं उतरण्याच्या जागेचं अंतर x धरलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गणित सोडवून पाठवलं:

C(x) = 200√(6400 + x²) + 120(50 − x)

C′(x) = 200x/√(6400 + x²) − 120 = 0

5x = 3√(6400 + x²), म्हणून 16x² = 57600, x = 60

C″(x) = 200·6400/(6400 + x²)^(3/2), नेहमीच धन. खर्च C(60) = 18800 रुपये. खाली ओळ: 'सर, दुसरा डेरिव्हेटिव्ह पण करून पाह्यला. सगळीकडे पॉझिटिव्हच येऊन राहिला. मग गडी टाकं सोडून पुढे काऊन चालला?'

प्रश्न त्यानं बरोबर विचारला होता. टाकं ५० मीटरवर आणि गणित म्हणतंय ६० मीटरवर उतर. म्हणजे टाक्याच्या १० मीटर पुढे जाऊन मागे यायचं. आणि खर्चाच्या दुसऱ्या भागात बघ काय झालं: 120(50 − 60) म्हणजे उणे १२०० रुपये. दहा मीटर पाइप उलटा टाकल्याबद्दल धुरा आपल्यालाच पैसे देतोय! म्हणून १८८०० हा आकडा खऱ्या उत्तरापेक्षा स्वस्त दिसतो आणि जास्तच भुलवतो.

गफलत कसोटीत नव्हती. C″ धन आहे, वाटी आहे, वाटीचा तळ खरंच ६० वर आहे. पण आपल्याला परवानगी आहे ती ० ते ५० एवढ्याच तुकड्याची, आणि तळ त्या तुकड्याच्या बाहेर पडतो. ० ते ५० मध्ये C′ सगळीकडे ऋण आहे. म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना खर्च उतरतच जातो, आणि आपण कुंपणाला अडतो ते ५० वर. तेव्हा उत्तर x = 50: धुऱ्याच्या कडेनं जायचंच नाही, विहिरीपासून टाक्यापर्यंत थेट तिरपा पाइप. लांबी √8900, म्हणजे ९४.३४ मीटर, खर्च सुमारे १८८६८ रुपये. सरळ धुऱ्यापर्यंत जाऊन मग वळलं असतं तर २२००० लागले असते.

त्याला मी म्हटलं, आता टाकं १०० मीटरवर आहे असं धर आणि पुन्हा कर. C′ मध्ये टाक्याचं अंतर येतच नाही, म्हणून x पुन्हा ६० च येतो. पण या वेळी ६० आत आहे. C(60) = 24800, सरळ जाऊन वळलं तर २८०००, थेट तिरपा टाकला तर सुमारे २५६१२. तेव्हा ६० खरं उत्तर. तेच समीकरण, तोच दुसरा डेरिव्हेटिव्ह, एकदा उत्तर टोकावर आणि एकदा आत. फरक केला तो फक्त टाक्याच्या जागेनं, आणि टाक्याची जागा फक्त इंटरव्हलमध्ये दिसते. इंटरव्हल लिहिलाच नसता तर दोन्ही गणितांची उत्तरपत्रिका जवळपास सारखी दिसली असती.

यावरून सवय एकच लाव: क्रिटिकल पॉइंट आला की पहिल्यांदा तो इंटरव्हलच्या आत आहे का ते बघ, मग दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला हात लाव. बाहेर असेल तर दुसरा डेरिव्हेटिव्ह काढणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातल्या विहिरीचं पाणी मोजणं. आणि असं बाहेर पडलेलं उत्तर ओळखायची खूण बऱ्याचदा सारखीच असते: मूळ प्रश्नात परत ठेवलं की कुठलीतरी लांबी, वजन किंवा नग ऋण येतो.

दुसरा डेरिव्हेटिव्ह वगळण्याबद्दल आता एक तक्रार, ती तुझ्यापेक्षा बाकीच्यांसाठी. कसोटी वगळणारी मुलं परवडली. न काढता तिचा निकाल लिहिणारी परवडत नाहीत. प्रश्नात 'जास्तीत जास्त' असेल तर A″ < 0 लिहायचं, 'कमीत कमी' असेल तर A″ > 0. आकडा नाही, x ची किंमत ठेवलेली नाही, फक्त चिन्ह. तुझ्याच तारेच्या गणितात मी दरवर्षी किमान दोन-तीन वह्यांत 'A″ < 0, म्हणून जास्तीत जास्त' असं पाहतो, जेव्हा A″ ची किंमत समोर ०.२८४ आहे. असं लिहिण्यापेक्षा तुझी कोरी जागा बरी. वही तपासताना मी आधी तिथेच पाहतो: चिन्हाच्या आधी आकडा आहे का.

दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य आला तर? कसोटी मुकी होते. x⁴, −x⁴ आणि x³ या तिन्हींचा दुसरा डेरिव्हेटिव्ह ० वर शून्य आहे, आणि तिथे पहिल्याला दरी, दुसऱ्याला माथा, तिसऱ्याला काहीच नाही. तेव्हा पहिल्या डेरिव्हेटिव्हचं चिन्ह अलीकडे-पलीकडे पाहायचं: ऋणातून धन झालं तर दरी, धनातून ऋण झालं तर माथा. खरं सांगायचं तर दुसरा डेरिव्हेटिव्ह काढायला किचकट असेल तिथेही मी हेच करतो. वर्गमुळं आणि भागाकार एकत्र आले की दुसऱ्यांदा डेरिव्हेटिव्ह काढताना होणाऱ्या चुका कसोटी न केल्याच्या चुकांपेक्षा जास्त असतात.

उदाहरणार्थ संत्रा बर्फीचा डबा. २४ सेमी बाजूचा चौरस पुठ्ठा, चारही कोपऱ्यांतून x बाजूचे चौरस कापायचे आणि कडा उभ्या करायच्या. V = x(24 − 2x)² आणि V′ = 12(x − 4)(x − 12). बस, इथेच थांब. इंटरव्हल ० ते १२. चार येईपर्यंत दोन्ही कंस ऋण, म्हणून V′ धन. चारनंतर एक कंस धन झाला, म्हणून V′ ऋण. चढ आणि मग उतार, म्हणून ४ वर माथा, घनफळ १०२४ घसेमी. दुसरा डेरिव्हेटिव्ह लागलाच नाही. आणि दुकानदार म्हणाला की बर्फीचे दोन थर बसायला डबा किमान ५ सेमी उंच हवा, तर? इंटरव्हल झाला ५ ते १२, चार बाहेर गेला, आणि उतार तर ५ पासूनच सुरू आहे. उत्तर ५, घनफळ ९८०. हिशोबातला एकही डेरिव्हेटिव्ह बदलावा लागला नाही.

आता वेळेचा प्रश्न. तुझ्या टेस्टमधलं गणित पूर्ण मार्कांना पात्र व्हायला उत्तरपत्रिकेत एवढंच पुरतं:

```
A(x) = x²/16 + (100 − x)²/(4π),  0 ≤ x ≤ 100
A′(x) = x/8 − (100 − x)/(2π) = 0  ⇒  x = 400/(π + 4) ≈ 56.01
A(0) ≈ 795.77,  A(56.01) ≈ 350.06,  A(100) = 625
```

आणि खाली एक वाक्य: 'A हे बंद इंटरव्हलवर सलग फंक्शन आहे आणि आत एकच क्रिटिकल पॉइंट आहे, म्हणून जास्तीत जास्त क्षेत्रफळ सुमारे ७९५.७७ चौसेमी, सगळ्या तारेचं वर्तुळ केल्यावर.' यातल्या पहिल्या दोन ओळी तू लिहिल्याच होत्यास, फक्त पहिल्या ओळीच्या शेवटचा इंटरव्हल नव्हता. तो असता तर तिसरी ओळ बहुधा आपोआप सुचली असती. प्रश्नात 'दोन तुकडे करून कमीत कमी' असतं तर इंटरव्हलला < लावायचं, तिसऱ्या ओळीऐवजी A″(x) = 1/8 + 1/(2π) > 0 लिहायचं, आणि उत्तर तुझं ३५०.०६ च. तेव्हा एक ताळा फुकटचा मिळतो: त्या जागी चौरसाची बाजू आणि वर्तुळाचा व्यास सारखेच येतात, दोन्ही १४ सेमीच्या किंचित वर.